कुठून आलात? : मुलाखतीची पहिली दोन मिनिटे

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार दारात उभा राहिल्यापासून कामाविषयीचा पहिला प्रश्न विचारला जाईपर्यंत साधारण दोन-तीन मिनिटे जातात. ‘आत येऊ का?’, ‘या, बसा’, ‘कुठून आलात?’, ‘पत्ता लगेच सापडला ना?’, ‘पाणी घ्या’ असे काहीबाही बोलणे त्या वेळात होते. गुणपत्रिकेत या बोलण्याला रकाना नसतो आणि त्याचा कुणी विशेष विचारही करत नाही. मुलाखतीची तयारी करून घेणारे वर्ग हा भाग शिष्टाचार म्हणून शिकवतात: खुर्ची ओढताना आवाज करू नये, ताठ बसावे, चेहरा हसरा ठेवावा. हा सल्ला चुकीचा नाही, पण त्यात मुद्द्याला हात घातलेला नाही. महाराष्ट्रात या दोन मिनिटांत हवापाण्याच्या गप्पा फारशा होत नाहीत. चौकशी होते ती गावाची, घरची आणि आडनावाची. म्हणजे मुलाखतीच्या ज्या भागाला कोणताही निकष लावलेला नसतो, त्याच भागात उमेदवाराच्या जन्माने ठरलेल्या गोष्टी टेबलावर येतात. केजसारख्या तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईला मुलाखतीसाठी जाणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते.

या मिनिटांचा क्रम सगळीकडे साधारण सारखा असतो, फरक असतो तो खोलीत. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत कागदपत्रांची तपासणी आधीच झालेली असते. उमेदवार बाहेर बसतो, बोलावणे आले की शिपाई दारापर्यंत नेतो, आणि आत अध्यक्ष व तज्ज्ञ असे पॅनेल असते. ‘मे आय कम इन, सर?’ हे वाक्य मराठीतून मुलाखत देणाऱ्यांच्याही तोंडी इतके रुळले आहे की ‘आत येऊ का, सर?’ म्हणणारा उलट वेगळा उठून दिसतो. दोन्ही चालते. आत गेल्यावर आधी अध्यक्षांना आणि मग बाकीच्यांकडे पाहून एकदाच नमस्कार करावा, प्रत्येकाला स्वतंत्र ‘गुड मॉर्निंग’ म्हणत बसू नये. बसा म्हटल्यावर बसावे. कुणी म्हटलेच नाही, तर खुर्चीजवळ क्षणभर थांबून ‘बसू का, सर?’ असे विचारावे. हात पुढे करणे पॅनेलवर सोडावे. त्यांनी केला तर मिळवावा, नाहीतर नमस्कार पुरेसा आहे. खाजगी कंपनीत हा औपचारिकपणा सैल असतो, आणि मनुष्यबळ विभागातली व्यक्ती स्वागतकक्षापासून खोलीपर्यंत बोलत बोलतच नेते. तिथे मुलाखत जिन्यातच सुरू झालेली असते, हे उमेदवाराच्या लक्षात येत नाही.

तालुक्याच्या गावातल्या शिक्षणसंस्थेची खोली या दोन्हींहून निराळी असते. तिथे मुख्याध्यापकांच्या कार्यालयात संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक आणि विषयतज्ज्ञ बसलेले असतात, चहा येतो, आणि ‘तुम्ही अमक्या गावच्या अमक्यांचे कोण?’ या प्रश्नापासून सुरुवात होते. पॅनेलवरचा एखादा माणूस उमेदवाराच्या मामाला ओळखत असतो. ज्या अध्यक्षांना सगळे गाव ‘अण्णा’ म्हणते, त्यांना आत काय म्हणायचे हा तिथला खरा पेच असतो. ‘सर’ म्हणावे. ओळखीचा उमेदवार आत ‘अण्णा’ म्हणाला की अनोळखी उमेदवारांवर अन्याय होतो, आणि तज्ज्ञ बाहेरचा असेल तर त्याला ती सलगी खटकते. चहाचे मात्र उगाच अवघड करू नये. दिला तर ‘हो’ म्हणावे आणि कप समोर ठेवून बोलावे, कारण नको नको म्हणण्यात अर्धे मिनिट जाते आणि संकोचच तेवढा दिसतो.

या मिनिटांचा पुढच्या मुलाखतीवर परिणाम होतो का, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात २००० साली एक प्रयोग झाला. मुलाखतींच्या चित्रफितींतून दारावर टकटक झाल्यापासून उमेदवार बसेपर्यंतचे पहिले काही सेकंद कापून काढले आणि ते तुकडे त्रयस्थ लोकांना दाखवले. त्यांनी उमेदवारांना दिलेले गुण प्रत्यक्ष मुलाखतकारांनी पूर्ण मुलाखतीनंतर दिलेल्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळले. पुढे २०१० साली मरे बॅरिक आणि सहकाऱ्यांनी मुलाखतीच्या सुरुवातीच्या गप्पांचा भाग वेगळा काढून तपासला. त्या भागात बनलेले मत नंतरच्या मूल्यमापनाशी चांगलेच निगडित निघाले. २०१६ च्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात जास्त उपयोगाची गोष्ट हाती लागली: पहिल्या मताचा परिणाम सुरुवातीच्या प्रश्नांच्या गुणांवर अधिक होतो आणि मुलाखत पुढे सरकते तसा तो ओसरत जातो.

‘मुलाखतकार पहिल्या चार मिनिटांतच निर्णय घेतो’ हे विधान मात्र जपून घ्यावे. ते १९५० च्या दशकात कॅनडात झालेल्या अगदी लहान अभ्यासातून आले आणि प्रशिक्षण वर्गांच्या फळ्यावर कायमचे राहिले. २०१६ साली सहाशेहून अधिक खऱ्या मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या मिनिटात निर्णय घेणारे मुलाखतकार शंभरात पाचच्या आसपास निघाले. पाच मिनिटांपर्यंत निर्णय झालेल्या मुलाखती सुमारे एक चतुर्थांश होत्या, आणि पंधरा मिनिटांपर्यंत साधारण साठ टक्के. म्हणजे दारात अडखळलेल्या उमेदवाराची संधी तिथेच संपत नाही. पण पहिले दोन-तीन प्रश्न त्याला चढावर सोडवावे लागतात.

असे का होते, याचे एक उत्तर मुलाखतकाराच्या वागण्यात आहे. १९९४ च्या एका अभ्यासात खऱ्या मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकून नोंदी केल्या गेल्या. अर्ज वाचून ज्या उमेदवाराविषयी आधीच चांगले मत झालेले असे, त्याच्याशी मुलाखतकार आपुलकीने बोलत, त्याला कंपनीची माहिती देत आणि खोदून प्रश्न कमी विचारत. उमेदवार मोकळा होई आणि मत खरे ठरे. उलट बाजू १९७४ साली वर्ड, झॅना आणि कूपर यांनी दाखवली. गोऱ्या मुलाखतकारांनी काळ्या उमेदवारांपासून खुर्ची थोडी लांब ठेवली, बोलताना ते जास्त अडखळले आणि मुलाखत लवकर संपवली. प्रयोगाचा दुसरा भाग जास्त बोलका आहे. त्यात गोऱ्याच उमेदवारांना मुद्दाम तशी थंड वागणूक दिली, तर त्यांचीही मुलाखत वाईट झाली. म्हणजे ‘या उमेदवाराला बोलता येत नाही’ हा शेरा लिहिणाऱ्यानेच कधीकधी त्याचे बोलणे बंद केलेले असते.

भारतात हे कोणत्या रस्त्याने घडते, ते २००७ साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या पंचवीस मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून नोंदवले. आम्ही जात पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असे ते सांगत. त्याच बोलण्यात, आम्ही कौटुंबिक पार्श्वभूमी जरूर विचारतो, असेही ते जवळजवळ सगळेच सांगत: वडील काय करतात, भावंडे काय शिकली, घर शहरात आहे की गावात. कारण ‘चांगल्या घरातला’ माणूस टिकतो आणि माणसांत मिसळतो, अशी त्यांची समजूत होती. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना एकसारख्या पात्रतेचे अर्ज फक्त आडनावे बदलून पाठवले. दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले. अर्जाच्या पातळीवर आडनाव जे काम करते, तेच काम खोलीत शिरल्यावर ‘गाव कोणतं? घरी कोण कोण असतं?’ हे प्रश्न करतात. विचारणाऱ्याच्या मनात तसे काही नसेलही, आणि बहुतेक वेळा नसतेच. त्याला समोरच्याला मोकळे करायचे असते. पण मिळालेल्या उत्तराचे मन काय करते, यावर त्याचा ताबा नसतो.

केजचे उदाहरण इथे नीट उलगडून पाहता येईल. केज हे बीड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, मांजरसुंब्याहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावाला रेल्वे नाही. पुण्याला मुलाखतीला जाणारा उमेदवार रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतो, पहाटे उतरतो आणि एखाद्या मित्राच्या खोलीवर आंघोळ करून दहाला कंपनीच्या दारात हजर होतो. समजा, हा उमेदवार तालुक्यातल्या विडा गावचा आहे, यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला, आणि चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागातल्या जागेसाठी आला आहे. समोर मनुष्यबळ अधिकारी आणि गुणवत्ता विभागाचे व्यवस्थापक आहेत.

‘या, बसा. कुठून आलात?’

‘केज.’

‘हे कुठं आलं?’

‘बीड.’

इथे एक शांतता पसरते. उमेदवाराने खरे उत्तर दिले आहे, पण पुढे बोलायला काही ठेवलेले नाही. मग अधिकारी स्वतःच्या मनात ‘बीड’ या शब्दाभोवती जे काही आहे ते बाहेर काढतो. पूर्वी ते दुष्काळ आणि ऊसतोड असे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि पुढे कित्येक महिने ते प्रकरण राज्यभर गाजले. तेव्हापासून पहिला उद्गार अनेकदा तोच असतो: ‘बीड का! तिकडं फारच चाललंय म्हणे.’ आता उमेदवारापुढे दोन वाईट वाटा उरतात. तो जिल्ह्याची बाजू मांडू लागतो, आवाज चढतो आणि नोकरीची मुलाखत जिल्ह्याच्या वकिलीत जाते. किंवा तो कसनुसे हसतो आणि ज्याबद्दल लाज वाटावी असे त्याने काहीच केलेले नाही, त्याबद्दल लाजल्यासारखा दिसतो. पुढचा प्रश्न मायक्रोमीटरचा असला, तरी उत्तर देणारा आता वेगळा माणूस असतो.

हेच बोलणे दुसऱ्या तऱ्हेने होऊ शकते. ‘केजहून सर, बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या अलीकडे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी पोचलो.’ या उत्तरात विशेष हुशारी नाही. फक्त नकाशावर एक ओळखीचा ठिपका दिला आहे आणि प्रवासाचा एक धागा सोडला आहे. पुण्यातल्या माणसाला केज ठाऊक नसते, पण अंबाजोगाईचे नाव त्याने योगेश्वरीमुळे किंवा मुकुंदराजांमुळे ऐकलेले असते. समोरचा माणूस पाण्याच्या किंवा शेतीच्या कामातला असेल, तर ‘लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आमच्या तालुक्यात आहे, धनेगावला’ हे वाक्य जास्त चालते. २०१६ साली ते धरण आटले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे महाराष्ट्रातल्या बहुतेकांना आठवते. विड्याच्या उमेदवाराकडे तर याहून हलकाफुलका विषय आहे: त्याच्या गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात आणि मग कपडे करून त्याचा मान करतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी बातमी येते, तेव्हा अधिकाऱ्याने ती वाचलेली असण्याची शक्यता बरीच. पण हा विषय उमेदवाराने आपणहून काढू नये. ‘विडा? ते गाढवाचं?’ असे समोरून आले, तर हसून ‘हो सर, तेच’ म्हणावे, एका वाक्यात सांगावे आणि थांबावे. गावाची गंमत तीन मिनिटे रंगवून सांगणारा उमेदवार पॅनेलला आवडतो, पण गुणवत्ता विभागासाठी लक्षात राहत नाही.

चांगल्या उत्तराचे माप सांगायचेच तर ते दोन वाक्यांचे आहे. पहिल्यात विचारलेल्या गोष्टीचे सरळ उत्तर असावे, दुसऱ्यात समोरच्याला पकडता येईल असे काहीतरी, आणि त्यानंतर गप्प. समोरच्याने तो धागा उचलला तर गप्पा पुढे जातात. नाही उचलला तर उमेदवाराचे काही बिघडत नाही, कारण उत्तर पूर्ण झालेले असते. बिघडले हे ओळखण्याच्या खुणाही आहेत. मुलाखतकार कागदाकडे पाहू लागला, दुसऱ्या सदस्याने ‘चला, सुरू करू या’ म्हटले, किंवा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा आला, तर उत्तर फार लांबले किंवा फारच तोकडे पडले असे समजावे. दुरुस्ती त्या क्षणी करू नये. पहिल्या मताचा परिणाम पुढे ओसरतो, हे वर आलेच आहे, तेव्हा कामाच्या पहिल्या प्रश्नाला नेटके उत्तर देणे हीच दुरुस्ती.

जिल्ह्याविषयीचा टोमणा आलाच, तर त्याला उत्तर नको, वाट हवी. ‘हो सर, वाईट घटना झाली’ एवढे म्हणावे आणि समोरच्याला कामाकडे जाऊ द्यावे. घटना नाकारायची नाही, तिच्यावर भाष्य करायचे नाही, आणि तिच्याशी संबंधित नेत्यांची नावे तर तोंडात येऊच द्यायची नाहीत. बीडच्या राजकारणात एका नावाचा उल्लेखही बाजू घेतल्यासारखा ऐकला जातो, आणि पॅनेलवर कोण बसले आहे हे उमेदवाराला माहीत नसते.

‘वडील काय करतात?’ हा प्रश्न त्याहून अवघड. केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या घरातला मुलगा किंवा मुलगी ‘शेती करतात’ असे सांगून सुटू पाहते. दोन-तीन एकर कोरडवाहू असतेच, म्हणजे ते खोटेही नसते. पण पुढचा प्रश्न ‘किती शेती?’ असा आला की आवाज बारीक होतो, आणि लपवण्याचा ताण लपवलेल्या गोष्टीपेक्षा जास्त दिसतो. ‘शेती आहे थोडी, हंगामात ऊसतोडीला जातात’ हे सरळ सांगितलेले बरे. त्यात कमीपणा काही नाही. धोका आहे तो वेगळाच: ऐकणाऱ्याची कीव. ‘अरेरे, फारच कष्ट’ असे म्हणत मुलाखतकार मऊ होतो आणि पुढचे प्रश्न सोपे करतो. उमेदवाराला बरे वाटते, पण सोप्या प्रश्नांच्या उत्तरांना जास्त गुण मिळत नाहीत. अढी जितकी मूल्यमापन बिघडवते, तितकीच कीवही बिघडवते. ती प्रेमळ दिसत असल्याने कुणी तक्रार करत नाही, इतकेच.

बोलीचा मुद्दा यातच येतो. ‘काय करायलात सध्या?’ असे केजमध्ये सहज विचारले जाते आणि ‘मी तयारी करायलोय’ हे तिथले सरळ, शुद्ध उत्तर आहे. पुण्याच्या खोलीत तेच उत्तर ‘ग्रामीण’ ठरते. मुलाखतीच्या मुख्य भागात उमेदवार घोटलेली प्रमाण मराठी किंवा इंग्रजी बोलतो. बोली बाहेर येते ती या पहिल्या मिनिटांतच, कारण तिथे प्रश्न अनपेक्षित आणि घरगुती असतात. पहिल्या मिनिटासाठी वेगळा आवाज काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तो आवाज चौथ्या मिनिटाला गळून पडतो आणि मधला सांधा दिसतो. इंग्लंडमध्ये जॉन गम्पर्झ यांनी १९७० च्या दशकात दक्षिण आशियाई उमेदवारांच्या मुलाखतींचा अभ्यास केला होता. त्यांना दिसले ते असे, की इंग्रजी व्यवस्थित येणारे उमेदवारही गैरसमजाला बळी पडत, कारण आवाजाचा चढउतार आणि मुद्दा मांडायचा क्रम वेगळा असे, आणि ऐकणारा त्याचा अर्थ उद्धटपणा किंवा चाचपडणे असा लावी. मराठवाड्याच्या हेलाचे पुण्यात तेच होते. शब्दांपेक्षा सूर जास्त ऐकला जातो, आणि सूर बदलण्याची अपेक्षा उमेदवाराकडून करणे चूक आहे. शिकायचे असेल तर ते ऐकणाऱ्याने.

स्त्री उमेदवाराच्या वाट्याला याच मिनिटांत आणखी एक चौकशी येते. ‘एकट्याच आलात?’, ‘घरचे पाठवतील इतक्या लांब?’, ‘लग्न ठरलंय का?’ काळजीच्या सुरात विचारलेले हे प्रश्न प्रत्यक्षात नोकरी किती दिवस टिकवाल याचे असतात, आणि तेच पुरुष उमेदवाराला विचारले जात नाहीत. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीच्या वेळी स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती मनाई आहे. पण गप्पांच्या ओघात विचारलेल्या प्रश्नाची नोंद राहत नाही, त्यामुळे पुरावाही राहत नाही. उमेदवाराने यावर वाद घालावा ही अपेक्षा व्यवहारी नाही. ‘पुण्यात राहण्याची सोय झाली आहे, सोमवारपासूनही रुजू होऊ शकते’ असे उत्तर देऊन प्रश्नाच्या मागचा प्रश्न तिला मिटवता येतो. मात्र सोय खरोखर झालेली असेल तरच.

इतके झाल्यावर मूळ मुद्द्याकडे येता येते. या मिनिटांत उमेदवाराला जे करता येते ते थोडे आहे आणि ते अर्ध्या तासात शिकून होते. पॅनेलला करता येते ते पुष्कळ आहे आणि ते सहसा होत नाही. एक टोकाचे मत असे, की या गप्पा काढूनच टाकाव्यात. आखीव मुलाखतीचा आग्रह धरणारे काही अभ्यासक तसे म्हणतात: आत या, बसा, पहिला प्रश्न. कागदावर हे समतेचे दिसते. पण रात्रभर प्रवास करून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा वातानुकूलित खोलीत बसलेल्या मुलाला थेट पहिला प्रश्न टाकला, तर मोजली जाते ती त्याची धडधड. शहरी उमेदवाराला स्थिरावायला ही दोन मिनिटे लागतच नाहीत, गरज असते ती दुसऱ्यालाच. गप्पा काढल्या तर नुकसान नेमके त्याचेच होते. म्हणून गप्पा ठेवाव्यात, त्यातला विषय बदलावा.

हे अवघड नाही. पहिल्या उमेदवाराला बोलावण्याआधी पॅनेलने सुरुवातीचे दोन प्रश्न ठरवून कागदावर लिहावेत आणि तेच सगळ्यांना विचारावेत. प्रश्न असे हवेत की ज्यांच्या उत्तरात जन्म येत नाही: ‘इथे पोचायला त्रास झाला नाही ना?’, ‘आज आमच्याकडे कसं काय चालणार आहे ते आधी सांगतो.’ दुसरे वाक्य तर प्रश्नही नाही, आणि तेच सर्वांत उपयोगी. पॅनेलवर कोण बसले आहे, किती वेळ चालेल, मध्ये पाणी मागितले तरी चालेल, एवढे अर्ध्या मिनिटात सांगितले की उमेदवार स्थिरावतो आणि त्याच्याविषयी काहीही कळलेले नसते. गाव, घर आणि वडील यांविषयी काही विचारायचेच असेल, तर ते गुण लिहून झाल्यावर, निरोप देताना विचारावे. सुरुवातीच्या प्रश्नांचे गुण प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे आणि लगेच लिहावेत, म्हणजे पहिल्या मताचा रंग पुढच्या रकान्यांत उतरला का ते नंतर ताडून पाहता येते. एखाद्या उमेदवाराचे पहिल्या दोन प्रश्नांचे आणि शेवटच्या दोन प्रश्नांचे गुण फार वेगळे असतील, तर त्याच्याविषयी पुन्हा बोलावे.

सरकारी परीक्षांत या सावधगिरीची गरज वाढलीच आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, तेव्हा दिलेले कारण वशिला आणि भ्रष्टाचाराला आळा हेच होते. राज्यसेवेत मात्र उलट दिशेने पाऊल पडले. तिथे पूर्वी १०० गुणांची असलेली मुलाखत नव्या वर्णनात्मक पद्धतीत २७५ गुणांची झाली, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीइतकी. केंद्रीय आयोगाच्या पॅनेलला उमेदवाराचे लेखी परीक्षेतले गुण कळू दिले जात नाहीत, ही चांगली प्रथा आहे. पण उमेदवाराने भरलेला वैयक्तिक माहितीचा अर्ज समोर असतो आणि सुरुवातीचे प्रश्न त्यावरूनच निघतात: गाव, शाळा, छंद. लेखी गुण लपवून जी समता साधली, तिचा काही भाग या अर्जाच्या पहिल्या पानावरच सांडतो.

दूरध्वनीवर किंवा व्हिडिओ कॉलवर होणाऱ्या मुलाखतींत हा भाग आक्रसून ‘आवाज येतोय का?’ एवढाच उरतो. काही बाबतींत ते बरे आहे. दार नाही, खुर्ची नाही, चहा नाही. पण पडद्यावर मागची भिंत दिसते, विजेच्या लपंडावात चित्र थांबते, आणि घरातला आवाज ऐकू येतो. ‘कुठून बोलताय?’ हा प्रश्न तिथेही येतोच. केजच्या उमेदवाराने मुलाखतीच्या आधी दहा मिनिटे जोडणी तपासावी, जमल्यास पाठीमागे रिकामी भिंत ठेवावी, आणि संपर्क तुटला तर कोणत्या क्रमांकावर फोन करावा ते सुरुवातीलाच विचारून घ्यावे. पहिल्या मिनिटात विचारलेला हा एक प्रश्न तयारीची साक्ष देतो.

केज, अंबाजोगाई, बीडमधल्या शिक्षणसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी मात्र एक गोष्ट याच वर्षीच्या भरतीपासून करून पाहावी. पवित्र प्रणालीतून मुलाखतीसाठी आलेल्या उमेदवाराला ‘तुम्ही कुणाचे?’ असे विचारणे थांबवावे, आणि त्या जागी विचारायचे दोन प्रश्न आदल्या दिवशी लिहून टेबलावर ठेवावेत.